वज़ाहत आणि माज़रत: रुसलेल्या मित्राला उर्दूत पत्र लिहिताना

उर्दूत माफीचं पत्र लिहायला बसलेला माणूस बहुतेक वेळा भलतंच पत्र लिहून मोकळा होतो. डोक्यात असतं माज़रतनामा, म्हणजे माफीचं पत्र. कागदावर उतरते वज़ाहत, म्हणजे घडलं काय याचा खुलासा. दोन्हींत ‘माज़रत’ हा शब्द येतो, दोन्हींची भाषा गोड असते, त्यामुळे लिहिणाऱ्याला फरक जाणवत नाही. वाचणाऱ्याला तो दुसऱ्या ओळीतच जाणवतो. गैरसमजातून आलेल्या दुराव्यात हा घोटाळा हमखास होतो, कारण ‘मी मुद्दाम काही केलंच नव्हतं’ हे सांगायची घाई झालेली असते.

एक प्रसंग धरून चालू. सांगलीच्या मार्केट यार्डातले एक हळदीचे व्यापारी. त्यांचे मिरजेतले जुने मित्र उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. व्यापाऱ्यांच्या मुलीला अलिफ़-बे याच मास्तरांनी शिकवलेली. मुलीच्या लग्नाची पत्रिका मास्तरांना द्यायला पुतण्याला सांगितलं आणि ती स्कूटरच्या डिकीतच राहिली. मास्तरांच्या गल्लीत बाकी सगळ्यांना आमंत्रण गेलं, त्यांना नाही. ते लग्नाला आले नाहीत, नंतर फोनही उचलेनात. सांगली-मिरज अंतर दहाएक किलोमीटरचं, म्हणजे ‘लांब होतं म्हणून राहिलं’ ही सबबही चालायची नाही. मास्तर उर्दूचे, म्हणून पत्र उर्दूत लिहायचं ठरतं. पहिला खर्डा साधारण असा होतो:

‘मोहतरम भाई साहब, आदाब। सुना है आप मुझसे नाराज़ हैं। आपको ग़लतफ़हमी हुई है। दावतनामा मैंने भतीजे के हाथ भेजा था, वह देना भूल गया। शादी के घर में सौ काम होते हैं, आप तो जानते हैं। फिर भी अगर आपको बुरा लगा हो तो माज़रत चाहता हूँ। उम्मीद है आप बात समझ गए होंगे। जवाब का मुंतज़िर।’

यात खोटं एक अक्षर नाही. उद्धटपणाही नाही. पण ही वज़ाहत आहे, आणि शेपटाला माज़रत बांधलेली आहे.

‘आपको ग़लतफ़हमी हुई है’ हे वाक्य पाहा. यात ग़लतफ़हमी मास्तरांच्या पदरात टाकली आहे: चुकीचं समजलात ते तुम्ही. हाच शब्द ‘हमारे दरमियान जो ग़लतफ़हमी हुई’ असा आला तर ती दोघांच्या मध्ये येऊन बसते, एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. माझ्या मते मात्र माफीच्या पत्रात हा शब्द न आलेलाच बरा. गैरसमज होता की नव्हता हे ठरवण्याचा मान ज्याचं मन दुखावलं त्याचा असतो.

मग येतो ‘अगर’. ‘अगर आपको बुरा लगा हो’ यातल्या ‘लगा हो’ला शंकेचा वास आहे. वाईट वाटलंय की नाही हे लिहिणाऱ्याला जणू माहीतच नाही. पण पहिल्याच ओळीत तर ‘सुना है आप नाराज़ हैं’ म्हटलंय! मास्तरांसारखा माणूस ही विसंगती लगेच पकडतो. माज़रतीत जर-तर नसतं. तिथे सरळ ‘आपका दिल दुखा’ असंच येतं.

आता कर्त्याचा प्रश्न. इथे मराठी माणसाचं काम सोपं होतं, कारण आपल्याकडेही हीच सोय आहे. ‘चूक झाली’, ‘माझ्याकडून चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’ या तिन्हींत जबाबदारी एकेक पायरी वर चढते. उर्दूत तसंच: ‘ग़लती हो गई’, ‘मुझसे ग़लती हुई’, ‘मैंने ग़लती की’. पहिल्यात माणूसच गायब आहे. चूक आभाळातून पडल्यासारखी. तिसरं वाक्य प्रामाणिक आहे, पण माफीच्या मुख्य ओळीत ते जरा कोरडं पडतं, कबुलीजबाबासारखं. उर्दूच्या अदबीत बसतं ते मधलं. ‘मुझसे कोताही हुई’: कोताही म्हणजे कर्तव्यात पडलेली उणीव. पत्रिका न पोचण्याला हा शब्द ‘ग़लती’पेक्षा नेमका बसतो. मात्र नक्की काय चुकलं ते सांगताना ‘मैंने’च हवं. ‘मैंने यह काम भतीजे पर छोड़ दिया’ असं लिहायचं, ‘यह काम भतीजे पर छूट गया’ असं नाही.

राहिला पुतण्या. वज़ाहतीत तो नायक असतो, सगळं त्याच्यामुळे झालेलं असतं. खर्डा तपासायची माझी एकच रीत आहे: पुतण्याचं वाक्य खोडायचं आणि पत्र पुन्हा वाचायचं. वरच्या पत्रातून पुतण्या काढला तर हातात काहीच उरत नाही. याचा अर्थ पुतण्याचं नाव घ्यायचंच नाही असा नव्हे. पत्रिका पोचलीच नव्हती हे मास्तरांना कळायला हवं, नाहीतर जाणूनबुजून वगळलं असंच त्यांना वाटत राहील. पण ती माहिती लिहिणाऱ्याच्या चुकीच्या पोटात यावी, तिच्या बदल्यात नव्हे. चूक पुतण्या विसरला ही नाहीच. चूक ही, की ज्यांच्या घरी स्वतः जाऊन अक्षता द्यायच्या तिथे दुसऱ्याला धाडलं, आणि नंतर विचारलंही नाही.

हे सगळं धरून दुसरं पत्र असं होईल:

‘सांगली
(तारीख़)

भाई साहब, आदाब।

बेटी की शादी में आप नहीं थे, और इसकी वजह मैं हूँ। आपका दावतनामा मुझे ख़ुद लेकर मिरज आना चाहिए था। मैंने यह काम भतीजे पर छोड़ दिया और फिर पूछा तक नहीं कि पहुँचा या नहीं। वह आप तक पहुँचा ही नहीं।

पूरी गली को बुलावा आया और आपको नहीं आया, यह सोचकर शर्मिंदा हूँ। जिस बच्ची को आपने अलिफ़-बे सिखाई, उसी की शादी में आपकी जगह ख़ाली रही। मुझसे बड़ी कोताही हुई, आपका दिल दुखा। दिल से माफ़ी चाहता हूँ।

इजाज़त हो तो बेटी और दामाद को लेकर सलाम के लिए हाज़िर हो जाऊँ, जब आप मुनासिब समझें।

आपका’

आणि खाली नाव. लांबी जवळपास दुप्पट झाली, पण वाढ खुलाशात झालेली नाही. वाढलं आहे ते मास्तरांच्या बाजूचं: गल्लीतला अपमान, मुलीशी असलेलं नातं. वज़ाहतीत मास्तर फक्त ‘नाराज़’ असतात. इथे ते कशाने दुखावले हे लिहिणाऱ्याला कळलंय असं दिसतं.

शेवटही निराळा आहे. ‘उम्मीद है आप बात समझ गए होंगे’ हे धंद्याच्या पत्रात ठीक, मित्राला नाही. ‘जवाब का मुंतज़िर’ एरवी अगदी रुळलेला समारोप आहे. माफीच्या पत्रात मात्र तो तगाद्यासारखा लागतो. भेटीची परवानगी मागायची, वेळ त्यांच्यावर सोडायची आणि थांबायचं.

मायन्याबद्दल थोडं. उर्दू पत्राच्या मायन्याला अल्क़ाब-ओ-आदाब म्हणतात: आधी संबोधन, मग नमस्कार. जुन्या रिवाजात हे अल्क़ाब ओळीच्या ओळी चालायचे. गालिबने एकोणिसाव्या शतकात आपल्या पत्रांत ते छाटून ‘मियाँ’, ‘भाई’ अशा साध्या हाकेवर आणले, आणि पत्र म्हणजे समोरासमोरच्या गप्पा केल्या. आपल्यालाही तीच वाट बरी. जन्मभर ‘भाई साहब’ म्हटलेल्या माणसाला अचानक ‘मोहतरम-ओ-मुकर्रम जनाब’ लिहिलं तर पहिली शंका हीच येते, की आता मीही परका झालो का? ‘तुम’ आणि ‘आप’चंही तसंच. ज्याच्याशी कायम ‘तुम’ आहे त्याला माफीच्या पत्रात ‘आप’ लिहिणं हा आदर वाटत नाही, फुगवा वाटतो. बोलण्यात असेल तेच कागदावर ठेवायचं. नमस्काराचंही तेच. रोज ‘सलाम’ म्हणत असाल तर सलाम, नाहीतर ‘आदाब’.

मराठी हात इथे एका ठिकाणी हटकून घसरतो. आपलं ‘माफ करा’ आदरार्थी असतं, म्हणून आपण बिनधास्त ‘माफ़ करो’ लिहितो. उर्दूत ‘करो’ ‘तुम’चं आहे. ‘आप’बरोबर ‘कीजिए’च लागतं. ‘माफ़ फ़रमाइए’ही बरोबर, पण मैत्रीत ते जड होतं. मिरजेच्या घरांतून कानावर येणाऱ्या दखनीतले ‘नक्को’ आणि ‘हौ’ पत्रात येत नाहीत. दखनी घरात बोलायची, पत्र किताबी उर्दूत, हे मास्तरांनीच शिकवलेलं असतं.

उर्दू लिपीत लिहिणार असाल तर दोन शब्द तपासून घ्या. ‘माज़रत’मध्ये ज़ाल आहे, ज़े नाही, आणि त्याआधी ऐन आहे. कानाला ज़ाल आणि ज़े सारखेच, त्यामुळे उर्दू चांगली येणारेही इथे ज़े घालतात. ‘माफ़ी’तही ऐन आहे. बोलण्यात तो जवळपास विरून जातो आणि म्हणूनच लिहिताना सुटतो. मास्तरांना पाठवायच्या पत्रात नेमका माफीचाच शब्द चुकलेला असू नये. लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहिलेलं चालतं. दुसऱ्याकडून सुबक अक्षरात नस्तालीक़ लिहून घेण्यापेक्षा स्वतःच्या हातची देवनागरी केव्हाही सरस.

शेर टाकायचा मोह आवरा. उर्दू म्हटलं की एक तरी शेर हवाच असं आपल्याला वाटतं, पण माफीच्या मध्यावर आलेला शेर लक्ष मास्तरांवरून काढून लिहिणाऱ्याच्या वाचनाकडे नेतो.

मग वज़ाहत कधीच लिहू नये का? असं नाही. समजा मास्तरांच्या कानावर कुणी घातलं, की तुम्ही यार्डात त्यांच्याबद्दल वाईट बोललात, आणि तुम्ही तसं बोललेलाच नाहीत. तिथे माज़रतनामा लिहिणं म्हणजे न केलेलं कबूल करणं. अशा वेळी शुद्ध वज़ाहत लिहावी, त्यात माफी मिसळू नये: ‘मेरे बारे में जो बात आप तक पहुँची है, वह मैंने नहीं कही। आपको दुख हुआ, इसका मुझे रंज है।’ यातला ‘रंज’ सहानुभूतीचा आहे, माफीचा नाही, आणि वाचणाऱ्याला तो तसाच कळतो.

अवघड असतं ते मिसळीचं प्रकरण: थोडी आपली चूक, थोडी ऐकीव गोष्ट. तिथे दोन्ही एका कागदावर कोंबू नयेत. आधी आपल्या वाट्याची माज़रत जाऊ द्यावी. राहिलेला खुलासा मिरजेला जाऊन, चहा समोर आल्यावर करावा. तोवर मास्तरांनी स्वतःच विचारलेलं असण्याची शक्यता पुष्कळ.