यीस्ट टू-हायब्रिड चाळणी

दोन प्रथिने एकमेकांना चिकटतात की नाही, हे यीस्टची पेशी वाढते की नाही यावरून ओळखण्याची पद्धत. स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी ती १९८९ मध्ये मांडली. या पद्धतीत प्रथिनांची जोडी प्रत्यक्ष दिसत नाही, दिसते ती फक्त वसाहत. ती वसाहत नेमकी कशामुळे वाढली, हे शोधण्यातच बहुतेक वेळ जातो.

पद्धतीचा पाया यीस्टच्या गॅल४ या प्रथिनात आहे. गॅल४ मध्ये ८८१ अमिनो आम्ले असतात. पहिली १४७ डीएनएवरची ठरावीक जागा ओळखून तिथे बसतात आणि शेवटची सुमारे ११४ जनुक-वाचनाची यंत्रणा तिथे बोलावून आणतात. हे दोन तुकडे वेगळे केले तर जनुक बंद पडते. मात्र ते एकाच साखळीत असावेत असे बंधन नाही, कशानेही जवळ आणले तरी काम होते. म्हणून ज्या प्रथिनाचे जोडीदार शोधायचे ते बसणाऱ्या तुकड्याला जोडतात. हे आमिष. पेशीतल्या हजारो एमआरएनएंपासून बनवलेला डीएनए-संग्रह बोलावणाऱ्या तुकड्याला जोडतात. त्यातले प्रत्येक प्रथिन हे एक संभाव्य सावज. एका पेशीत आमिष आणि सावज चिकटले की गॅल४ पुन्हा जुळल्यासारखे होते आणि त्याच्या ताब्यातले रिपोर्टर जनुक, म्हणजे चालू झाल्याची खूण बाहेर दाखवणारे जनुक, चालू होते. फील्ड्स आणि साँग यांनी पहिली परीक्षा यीस्टच्याच स्नफ१ आणि स्नफ४ या आधी माहीत असलेल्या जोडीवर घेतली होती. यजमान यीस्टमधून स्वतःचे गॅल४ आणि त्याला अडवणारे गॅल८० ही दोन्ही जनुके काढून टाकलेली असतात, नाहीतर निकालाला अर्थच उरणार नाही.

आज बहुतेक चाळण्यांत मुख्य रिपोर्टर हिस३ असते, हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवण्यासाठी लागणारे जनुक. ते चालू झाले तर पेशी हिस्टिडीन नसलेल्या माध्यमावर वाढते. लाखो पेशी एकदम पसरून त्यातल्या मोजक्या निवडण्यासाठी हे सोयीचे आहे, पण हिस३ थोडे गळके असते. अगदी कमी एन्झाइमही वाढीला पुरते आणि काही न चिकटताही तेवढे तयार होऊ शकते. यावर उपाय म्हणजे ३-अमिनोट्रायॲझोल. हे रसायन हिस३ च्या एन्झाइमची जागा अडवते, त्यामुळे किती एन्झाइम असले तर पेशी जगेल ही पातळी आपल्याला वर-खाली करता येते. साधारण १ ते १० मिलिमोलरपासून सुरुवात करतात. मात्रा फार वाढवली तर कमजोर पण खऱ्या जोड्याही मरतात.

दुसरे रिपोर्टर एडीई२ ॲडेनीन बनवण्यासाठी लागते. ते जास्त कडक असते, आणि त्यात एक छान सोयही आहे. हे जनुक बंद असलेल्या पेशी, ॲडेनीन कमी असलेल्या माध्यमावर लाल रंगद्रव्य साठवतात, तर जनुक चालू असलेली वसाहत पांढरी राहते. गुलाबी वसाहत म्हणजे अर्धवट चालू. दोन रिपोर्टर ठेवण्यामागे मात्र रंगापेक्षा महत्त्वाचे कारण आहे. पीजे६९-४ए या यीस्टमध्ये हिस३ हे गॅल१ च्या प्रोमोटरखाली, म्हणजे जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनए-क्रमाखाली असते, एडीई२ हे गॅल२ च्या आणि लॅकझेड हे तिसरे रिपोर्टर गॅल७ च्या. गॅल४ बसण्याच्या जागा तिन्हींत आहेत, आजूबाजूचा क्रम वेगळा आहे. एखादे सावज आमिषाला न चिकटता थेट गॅल१ च्या प्रोमोटरवर बसत असेल, तर फक्त हिस३ जागे होईल.

चाळणी सुरू करण्यापूर्वी आमिष एकटे घालून पाहावेच लागते. सावज नसतानाही वसाहती वाढल्या तर ते आमिष स्वयंसक्रिय आहे. आम्लधर्मी तुकडे असलेली प्रथिने हे सहज करतात, आणि त्यासाठी ती जनुक-नियंत्रकच असावी लागतात असेही नाही. १९८७ मध्ये मा आणि टाश्ने यांनी इ. कोलाय जिवाणूच्या डीएनएचे यादृच्छिक तुकडे गॅल४ च्या बसणाऱ्या भागाला जोडले, तेव्हा त्यातल्या सुमारे १ टक्का तुकड्यांनी जनुक चालू केले. अशा आमिषाचा दोषी तुकडा छाटावा लागतो. केवळ ३-अमिनोट्रायॲझोल वाढवत नेणे हा उपाय हलक्या गळतीपुरताच आहे.

पुढचा हिशेब एका कल्पित उदाहरणात पाहू. समजा आमिष हे केंद्रकातले एक कायनेज, म्हणजे फॉस्फेट चढवणारे एन्झाइम आहे. एकटे असताना ते ५ मिलिमोलर ३-अमिनोट्रायॲझोलवर गप्प राहते. संग्रहाच्या १० लाख पेशी त्याच मात्रेवर पसरल्या आणि पाच दिवसांत ४३ वसाहती आल्या. आठवड्यानंतर डोके वर काढणाऱ्या बारक्या वसाहती सोडून द्याव्यात, कारण त्या बहुधा गळतीवर हळूहळू तगलेल्या असतात. ४३ पैकी १७ ॲडेनीन नसलेल्या माध्यमावरही वाढल्या. त्यांच्यातले सावज-प्लाझ्मिड, म्हणजे सावजाचे जनुक वाहणारे डीएनएचे छोटे वर्तुळ, इ. कोलायमध्ये नेऊन वेगळे केले, क्रम वाचला, तर ९ वेगवेगळी निघाली.

खरी परीक्षा इथून पुढे. प्रत्येक प्लाझ्मिड ताज्या यीस्टमध्ये मूळ आमिषासोबत, नुसत्या बसणाऱ्या तुकड्यासोबत आणि लॅमिनसारख्या असंबंधित आमिषासोबत घालतात. दोन प्लाझ्मिड मूळ आमिषासोबतही काही करत नाहीत. जुन्या पेशीत एकाहून अधिक सावज-प्लाझ्मिड शिरलेले असू शकतात, किंवा वाढता वाढता आमिषातच बदल होऊन ते स्वयंसक्रिय झालेले असू शकते. जुन्या वसाहतीतून सावज-प्लाझ्मिड घालवले आणि तरी ती वाढत राहिली, तर दोष आमिषाचा किंवा यजमानाचा. तीन प्लाझ्मिड नुसत्या बसणाऱ्या तुकड्यासोबतही वाढ देतात. ती त्या तुकड्याला चिकटतात की थेट प्रोमोटरला, हे सावज एकटे घालून कळते. एकटे असतानाही वाढ झाली तर प्रोमोटरच. एक प्लाझ्मिड लॅमिनसोबतही वाढते. हे सर्वांना चिकटणारे. उष्माघात प्रथिने आणि रायबोसोमची प्रथिने अशा यादीत वारंवार सापडतात, म्हणून अनुभवी हात ही नावे दिसली की लगेच सावध होतो.

उरली तीन. क्रम नीट पाहिला तर त्यातल्या एकात जनुक चुकीच्या चौकटीत जोडलेले आहे, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट भलत्या ठिकाणापासून वाचले जातात. बोलावणाऱ्या तुकड्यामागे निसर्गात अस्तित्वातच नसलेली २२ अमिनो आम्लांची शेपटी आली आहे आणि तीच चिकटते आहे. यीस्टने या चाचणीत खोटे सांगितलेले नाही, पण त्या शेपटीला जीवशास्त्रात जागा नाही.

दुसरे प्रथिन मायटोकाँड्रियाच्या आतल्या पोकळीतले आहे. चाळणीत गॅल४ च्या तुकड्यांसोबत ते केंद्रकात ओढले गेले आणि कायनेजला भेटले. मूळ पेशीत दोघांमध्ये मायटोकाँड्रियाचीच दोन पटले आहेत. म्हणजे चिकटणे खरे, भेट मात्र प्रयोगशाळेने घडवलेली. असा निकाल प्लाझ्मिड बदलून पकडता येत नाही. त्यासाठी दोन्ही प्रथिने मूळ पेशीत कुठे असतात ते पाहावे लागते.

तिसरे टिकते. मधे यीस्टचेच एखादे प्रथिन पूल बनून दोघांना धरत असेल, ही शक्यता मात्र अजून उघडी आहे. दोन्ही प्रथिने शुद्ध करून, यीस्टविना परीक्षानळीत ती एकमेकांना धरतात का, ते पाहिल्यावरच ती बंद होते.