पहिला हप्ता आज की महिन्याने?

सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहणारा विद्यार्थी खोलीचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला देतो. अभ्यासिकेची फीसुद्धा आधी भरली तरच खुर्ची मिळते. त्याच विद्यार्थ्याच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र एकदा सुरू झाला की महिना उलटल्यावर कापला जातो. समान रक्कम, समान अंतर, ठरलेली मुदत असे हप्ते म्हणजे ॲन्युइटी. भाड्यासारखे हप्ते आधी दिले तर ती ॲन्युइटी ड्यू, आणि कर्जासारखे मुदतीच्या शेवटी दिले तर ऑर्डिनरी ॲन्युइटी. परीक्षेतल्या प्रश्नात या दोन्हींमधला फरक बहुतेक वेळा एखाद्या शब्दावरच असतो.

सूत्र बाजूला ठेवून एक उदाहरण हातानं करू. व्याजदर वर्षाला 10 टक्के, आणि 10,000 रुपयांचे तीन वार्षिक हप्ते. हप्ते वर्षाच्या शेवटी असतील तर पहिल्याची आजची किंमत 10,000 भागिले 1.1, म्हणजे 9,090.91 रुपये. दुसऱ्याला 1.1 ने दोनदा भागायचं, 8,264.46. तिसऱ्याला तीनदा, 7,513.15. बेरीज 24,868.52 रुपये. हे झालं ऑर्डिनरी ॲन्युइटीचं वर्तमान मूल्य.

आता तेच हप्ते वर्षाच्या सुरुवातीला द्या. पहिला आजच द्यायचा, त्यामुळे त्याची किंमत पूर्ण 10,000. पुढचे दोन 9,090.91 आणि 8,264.46. बेरीज 27,355.37. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. मधल्या दोन रकमा त्याच आहेत. शेवटची 7,513.15 गेली आणि सुरुवातीला 10,000 आले, एवढाच बदल. फरक 2,486.85 रुपये, आणि हा बरोबर 24,868.52 चा दहा टक्के आहे. प्रत्येक हप्ता एक वर्ष अलीकडे सरकला, म्हणून प्रत्येकाची किंमत 1.1 पट झाली. त्यामुळे दुसरं सूत्र वेगळं पाठ करायची गरजच नाही:

```
PV = C × [1 − (1+i)^(−n)] / i
PV(due) = PV × (1+i)
```

इथे PV म्हणजे वर्तमान मूल्य, C म्हणजे एक हप्ता, n म्हणजे हप्त्यांची संख्या, आणि i हा एका हप्त्याच्या अंतराचा दर आहे. हप्ते महिन्याचे आणि दर वर्षाला 12 टक्के असेल, तर i म्हणजे 0.01.

बचतीच्या प्रश्नात सहसा विचारतात की दरवर्षी 10,000 रुपये काढता यावेत म्हणून आज किती ठेवावे लागतील. पहिली रक्कम आजच काढायची असेल तर जास्त पैसे ठेवावे लागतात, 27,355.37. इथे (1+i) ने गुणणं बहुतेकांना जमतं. घोळ कर्जाच्या प्रश्नात होतो, कारण तिथे वर्तमान मूल्य म्हणजे कर्जाची रक्कम दिलेली असते आणि हप्ता काढायचा असतो. तिथे (1+i) ने भागायचं. 1,20,000 रुपयांचं कर्ज, महिन्याला 1 टक्का, 12 हप्ते: महिनाअखेरचा हप्ता 10,661.85 येतो, महिन्याच्या सुरुवातीचा 10,556.29. लवकर परतफेड करणाऱ्याचा हप्ता लहानच यायला हवा. तो मोठा आला, तर भागायच्या जागी गुणलं आहे हे लगेच समजावं.

दुचाकीच्या कर्जातली ‘ॲडव्हान्स ईएमआय’ची अट हाच फरक वापरते. हप्ता महिनाअखेरच्या हिशेबानं, 10,661.85, ठरवला आणि पहिला मात्र गाडी घेतानाच घेतला, तर हातात प्रत्यक्षात 1,09,338.15 रुपयांचंच कर्ज पडतं आणि त्यावर 11 हप्ते उरतात. हा दर काढला तर महिन्याला सुमारे 1.19 टक्के, म्हणजे वर्षाला साधारण सव्वाचौदा टक्के येतो. कागदावर मात्र 12 टक्केच असतात. ग्राहकानं इथे कमी हप्ता मागणं अगदी रास्त आहे.

प्रश्न वाचताना ‘सुरुवातीला’ हा शब्द दिसला की लगेच ड्यू लिहून मोकळं होऊ नका. ‘पहिला हप्ता पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला’ असं असेल, तर पुढच्या वर्षाची सुरुवात म्हणजे या वर्षाचा शेवटच. ते ऑर्डिनरी आहे. म्हणून एक रेघ ओढा, तिच्यावर 0, 1, 2, 3 मांडा आणि पहिला हप्ता कुठे पडतो ते पाहा. 0 वर पडला तर ड्यू, 1 वर पडला तर ऑर्डिनरी. कर्जाच्या प्रश्नात काहीच सांगितलेलं नसेल तर ऑर्डिनरी धरायची प्रथा आहे.

घरी उत्तर तपासायला स्प्रेडशीटमधलं PV फंक्शन पुरतं. त्यातला शेवटचा आकडा 0 म्हणजे मुदतीच्या शेवटी, 1 म्हणजे सुरुवातीला:

```
=PV(10%,3,-10000,0,1)
```

याचं उत्तर 27,355.37 येतं. शेवटचा 1 लिहायचा राहिला तर फंक्शन 0 धरतं आणि काही न कळवता 24,868.52 दाखवतं.