डोळ्याच्या बदल्यात डोळा? मिश्ना काय म्हणते

"ज्यू धर्मात डोळा फोडला की फोडणाऱ्याचाही डोळा काढायचे ना? तोरा या त्यांच्या धर्मग्रंथात तसं स्पष्ट लिहिलंय."

लिहिलंय खरं, पण रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या न्यायशास्त्रात त्याचा अर्थ भरपाई असा होतो. त्यांच्या मते लिखित तोराबरोबर तोंडी तोराही चालत आली, इ.स. 200 च्या सुमारास रब्बी येहुदा हनासी यांनी तिची मिश्ना या ग्रंथात मांडणी केली. इजा करणाऱ्याने नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेली कमाई आणि अपमान अशा पाच बाबींचे पैसे द्यायचे, असं मिश्ना सांगते. नुकसान मोजायची रीत आज अंगावर येते: जखमी माणूस बाजारात गुलाम म्हणून विकला असता तर आधी किती किंमत आली असती आणि आता किती, तो फरक.

खरी गंमत तालमुदमधल्या, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथातल्या वादात आहे. एक रब्बी विचारतात, एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल, तर बरोबरी कशी होणार? लगेच प्रतिवाद येतो: डोळ्याचं माप कशाला, दृष्टीच्या बदल्यात दृष्टी घ्या. म्हणजे निष्कर्ष मान्य, तरी कच्चा पुरावा चालत नाही! मग तोरातल्या गणना या पुस्तकातलं वचन 35:31 पुढे येतं: खुन्याच्या जिवासाठी खंडणी घेऊ नका. जिवासाठी मनाई आहे, म्हणजे अवयवासाठी मोबदला चालतो. यावरही शंका घेतली जातेच. रब्बी एलिएझर यांचं "अक्षरशः डोळाच" हे मतही तालमुद गाळत नाही. नोंदवतं आणि त्याचाही वेगळा अर्थ लावतं.