‘एकास दोन’ आणि ‘बारा तास’ ही एकच गोष्ट नाही

आयसीयूच्या ड्युट्या लावणाऱ्या माणसाला ‘एकास दोन’ समजावून सांगायची गरज नसते. एका सिस्टरकडे दोन पेशंट, आणि व्हेंटिलेटरवर अस्थिर असलेला कुणी असेल तर त्याला एक स्वतंत्र सिस्टर. हे पाठ असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

घोळ होतो तो दुसऱ्या आकड्याचा: दर रुग्ण-दिवसाचे नर्सिंग तास, ज्याला मीटिंगमध्ये सगळे ‘एनएचपीपीडी’ म्हणतात. चोवीस तासांत पेशंटची सेवा करणाऱ्या सगळ्या नर्सेसच्या कामाचे तास मोजायचे आणि त्यांना त्या दिवसाच्या रुग्ण-दिवसांनी भागायचं. दहा पेशंट पूर्ण दिवस होते आणि नर्सेसनी मिळून १२० तास काम केलं, तर उत्तर १२.

मग कुणीतरी म्हणतं, “बारा म्हणजे एकास दोनच की!” गेली कित्येक वर्षं मी हे वाक्य ऐकतेय, आणि दर वेळी त्याच्या पाठोपाठ एखादी चुकीची ड्युटी लागते.

सोपा भाग आधी उरकते. २४ ला एका सिस्टरकडच्या पेशंटच्या संख्येने भागलं की तास निघतात: एकास दोनला १२, एकास एकला २४, एकास तीनला ८. काही जण शिफ्टच्या आठ तासांना दोनने भागून ‘चार’ सांगतात. ते एका पाळीचे झाले, उरलेल्या दोन पाळ्या कुठे गेल्या? शिफ्ट आठ तासांची असो वा बारा तासांची, दिवसाचं उत्तर बदलत नाही. दहा पेशंटना १२० तास लागतात, मग ते पाच-पाच-पाच असे तीन पाळ्यांत भरा किंवा पाच-पाच असे दोन पाळ्यांत.

खरी मेख पुढे आहे. हा हिशेब एकाच दिशेने चालतो. दिवसभर प्रत्येक क्षणी एकास दोन पाळलं, तर तास किमान बारा भरतातच. पण बारा भरले म्हणून प्रत्येक क्षणी एकास दोन होतं, असं मुळीच नाही. प्रमाण एका घटकेबद्दल बोलतं: आत्ता, या बेडसमोर, किती हात आहेत? तास बोलतात अख्ख्या दिवसाच्या सरासरीबद्दल. आणि सरासरी पेशंटचं सक्शन करायला येत नाही.

उदाहरण घ्या. दहा बेड, दहाही भरलेले, दिवसभर हालचाल नाही. सकाळी सहा सिस्टर, दुपारी पाच, रात्री चार. एकूण पंधरा ड्युट्या, म्हणजे १२० तास आणि कागदावर बरोबर १२. आता रात्री अकरानंतर आत जाऊन पाहा. चार सिस्टर, दहा पेशंट: दोघींकडे दोन-दोन आणि दोघींकडे तीन-तीन. दीड वाजता एका पेशंटला सीटी स्कॅनला न्यायचं ठरतं. ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर, मॉनिटर, चालू असलेले पंप घेऊन एक सिस्टर सोबत जाणारच. मागे राहिल्या तिघी आणि नऊ पेशंट, म्हणजे एकास तीन. त्यातली एखादी जेवायला गेली तर एकास साडेचार. महिन्याच्या अहवालात मात्र त्या रात्रीचा आकडा तोच, १२, हिरव्या चौकटीत. सकाळच्या सहाव्या सिस्टरचे आठ तास रात्रीची तूट झाकतात. प्रत्यक्षात सकाळचा तास रात्री वापरता येत नाही.

कॅलिफोर्नियात २००४ पासून लागू असलेल्या प्रमाणाच्या नियमात म्हणूनच आयसीयूचं एकास दोन ‘सर्व वेळ’ पाळायचं आहे, जेवणाच्या सुट्टीतही. तिथे सरासरीची पळवाट चालत नाही. आकडा कुठलाही ठेवा, पण तो घटकेचा की दिवसाचा हे आधी ठरवा.

ही झाली अंशाची बाजू. छेदाची बाजू याहून बेरकी आहे, कारण तिथली चूक कुणाला दिसतच नाही.

रुग्ण-दिवस बहुतेक ठिकाणी मध्यरात्रीच्या सेन्ससवरून मोजतात: बाराच्या ठोक्याला बेडवर किती जण आहेत. वॉर्डात हे चालून जातं. आयसीयूत चालत नाही, विशेषतः सर्जिकल आयसीयूत. मी काम केलेल्या एका युनिटचा दिवस साधारण असा असे. रात्री सात पेशंट. सकाळी नऊपर्यंत आणखी तीन आत येत आणि दहा बेड भरत. रात्री दहाला तिघांना वॉर्डात शिफ्ट करत (हा रात्री दहाचा उद्योग मला कधीच पटला नाही, पण तो वेगळा विषय). ड्युट्या होत्या पाच, पाच आणि चार. दहा पेशंटना पाच आणि सातांना चार, म्हणजे एकास दोन पाळायला जेवढ्या लागतात तेवढ्याच, एकही जास्त नाही.

आता कागद बघा. चौदा ड्युट्या म्हणजे ११२ तास. मध्यरात्रीचा सेन्सस सात, म्हणून भागाकार १६. ठरलेलं लक्ष्य होतं १२. वरून निरोप आला: दर पेशंटमागे चार तास जास्त आहेत, सात पेशंटचे २८ तास, म्हणजे साडेतीन ड्युट्या फुकट चालल्यात, निदान तीन तरी कमी करा.

मी त्याच दिवसाचे तास मांडून दाखवले. सकाळी नऊ ते रात्री दहा, तेरा तास दहा पेशंट: १३० रुग्ण-तास. उरलेले अकरा तास सात पेशंट: ७७. एकूण २०७, भागिले २४ म्हणजे ८.६ रुग्ण-दिवस. ११२ तासांना ८.६ ने भागलं की १३ येतात, सोळा नाहीत. बारापेक्षा तो एक तास वर का? सात पेशंटना साडेतीन सिस्टर लावता येत नाहीत म्हणून रात्री चार. शिवाय सकाळी सात ते नऊ सातच पेशंट असले तरी पाळीला पाच जणी लावाव्याच लागतात, आणि रात्री दहा ते अकरा तसंच. तीन ड्युट्या कमी केल्या असत्या तर चार, चार, तीन उरल्या असत्या आणि भर दुपारी दहा पेशंटना चौघी. शिवाय येणारे तीन आणि जाणारे तीन यांचं काम, म्हणजे लाइन लावणं, हँडओव्हर, कागदपत्रं, हे मध्यरात्रीच्या मोजणीत येतच नाही.

ओळखायचं कसं? सेन्ससवरचे तास फुगलेले दिसतात आणि तरी सिस्टर जेवायला जाऊ शकत नाहीत, असं असेल तर छेद तपासा. दर चार तासांनी बेड मोजा आणि त्या सहा आकड्यांची सरासरी घ्या. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, मॉनिटरशेजारची वही पुरते.

अंशातही लोक भर घालतात, त्याबद्दल थोडक्यात. पेशंट न घेणारी सिस्टर इन्चार्ज, ओरिएंटेशनवरची नवी मुलगी, ट्रेनिंगला किंवा रजेवर गेलेली, यांचे तास यात धरायचे नाहीत, त्यांना पगार मिळत असला तरी. मला सगळ्यात खटकतो तो हँडओव्हरचा अर्धा तास. पंधरा ड्युट्यांना अर्धा-अर्धा तास म्हणजे साडेसात तास, दहा पेशंटवर पाऊण तास. कागदावर १२ चे १२.७५ होतात आणि बेडपाशी कुणीही वाढलेलं नसतं. हँडओव्हर जरूर हवा, पण तो वेगळ्या रकान्यात.

मग ड्युट्या लावायच्या कशावरून? माझं मत ठाम आहे: आधी प्रमाण, मग तास. आज कोण पेशंट आहेत ते बघा. समजा दहांपैकी तिघांना स्वतंत्र सिस्टर हवी आणि सातांना एकास दोन चालेल. तिघांचे ७२ तास, सातांचे ८४, एकूण १५६, म्हणजे दर पेशंटमागे १५.६. हाच आकडा घेऊन उलटं गेलात तर दर पाळीला साडेसहा सिस्टर निघतात, आणि अर्धी सिस्टर कुठे मिळत नाही. बेडवरून मोजलं तर तिघांना तीन, सातांना चार, म्हणजे सात. तीन पाळ्या सातच्या म्हणजे १६८ तास, १६.८. हा वरचा १.२ तासांचा फरक उधळपट्टी नाही, विषम संख्येला दोनने भागल्याचा तो परिणाम आहे. युनिट जितकं लहान, तितका तो मोठा दिसतो. पाच बेडच्या आयसीयूत सगळे एकास दोनवाले असले तरी तीन सिस्टर लागतात, म्हणजे १४.४ तास. अशा युनिटला बाराचं लक्ष्य देणाऱ्याने पेन्सिल घेऊन एकदा वाटणी करून दाखवावी.

तास मला नकोत असं नाही. वर्षाचं बजेट, दोन महिन्यांची तुलना, नव्या पोस्ट मागताना करायचा हिशेब यांसाठी तेच हवेत. फक्त तिथे ‘ड्युट्या’ आणि ‘माणसं’ यांची गल्लत करू नका. रोज पंधरा ड्युट्या म्हणजे वर्षाला ५,४७५. एक सिस्टर ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि समजा रजा, आजारपण, ट्रेनिंग मिळून ३८ दिवस सोडून २७५ दिवस कामावर येते. ५,४७५ भागिले २७५, म्हणजे वीस जणी, इन्चार्ज सोडून. पंधरा पोस्ट भरून “स्टाफ पूर्ण आहे” म्हणणाऱ्यांना वर्षभर सलग नाइट कराव्या लागणाऱ्या मुलींची नावं तोंडपाठ असायला हवीत.

रोजच्या तक्त्यात मी तासांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवते: दिवसातली सगळ्यात वाईट घटका. किती वाजता, किती पेशंट, बेडपाशी किती जणी. त्या सीटीच्या रात्री तिथे लिहिलं होतं: १.३०, नऊ, तीन.