खोडलेल्या किमतीमागचा हिशेब: सणाच्या सेलमधली सूट नेमकी कशावर?

१९९० पूर्वी पाकिटावर किंमत छापण्याच्या दोन पद्धती चालत. एकीत सगळे कर धरलेले असत, दुसरीत ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिता येई. कराच्या नावाखाली दुकानदार किती लावतो ते गिऱ्हाइकाला कळत नसे. १९९० साली दुसरी वाट बंद झाली आणि करांसह कमाल किंमत छापणं सक्तीचं झालं. मात्र ती किंमत किती असावी, हे नियमाने ठरवलं नाही. ते उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार ठरवतो. आजच्या बहुतेक फुगवलेल्या सवलती याच मोकळ्या जागेतून निघतात.

सणाच्या खरेदीत सगळ्यात जास्त वाद झाला तो सवलतीच्या किमतीवर वेगळा कर लावण्याचा. इंदूरला सीतलामाता बाजारापासून मॉलपर्यंत ‘फ्लॅट ४०%’चे फलक लागतात, खाली बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’. समजा भाऊबीजेसाठी २,००० रुपये छापील किमतीचा कुर्ता घेतला. ४०% वजा जाता १,२०० झाले. बिलात वर ५% म्हणजे ६० रुपये चढले आणि हातातून १,२६० गेले. खरी सूट ३७% झाली. दुकानदारांचं म्हणणं असं, की सवलतीनंतरची किंमत हा नवा सौदा आहे आणि कर वेगळा लागेल हे जाहिरातीत लिहिलेलंच होतं. २०१७च्या जानेवारीत राष्ट्रीय पातळीवरच्या ग्राहक आयोगाने हे म्हणणं फेटाळलं: छापील किमतीत कर आधीच आहे, म्हणून तिच्यावर दिलेली सूट करासहितच धरायची. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, पण छापील किंमत करासहितच राहिली, त्यामुळे हा तर्क ढळला नाही. बरोबर बिलात कर त्या १,२०० रुपयांच्या पोटातच दिसतो: मूळ रक्कम १,१४२.८६, कर ५७.१४. बारीक अक्षरांचा बचाव पहिल्यापासूनच लंगडा होता, तरी आजही असं बिल काउंटरवर पुढे केलं जातं.

१ जानेवारी २०१८पासून ऑनलाइन विक्रेत्यांनाही छापील किंमत पानावर दाखवावी लागते, आणि अगदी त्याच वस्तूवर अनुचित रीतीने दोन छापील किमती ठेवायला मनाई झाली. यातून पळवाट निघते ती मॉडेल नंबरची. सेलसाठी तोच मिक्सर शेवटच्या अक्षराच्या फरकाने काढला, की ‘अगदी तीच’ वस्तू राहत नाही. मग तुलना वॅट, भांड्यांची संख्या आणि वॉरंटी यांवरच करावी लागते.

समजा ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर आहे. छापील किंमत ६,९९०, सेलमध्ये २,९९९, म्हणजे ५७% सूट. तोच ऑगस्टमध्ये ३,०९९ला मिळत असेल, तर खरी बचत १०० रुपयांची. म्हणून भेटवस्तू ठरली की महिनाभर आधी पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवावा, किंमतीचा आलेख दाखवणाऱ्या साइटवर तीन-चार महिन्यांचा भाव पाहावा आणि जेल रोडवरच्या दोन दुकानांत रोखीचा भाव विचारावा. खोडलेला आकडा या तिन्हींत कुठेच भेटला नाही, तर त्या भावाने ती वस्तू विकलीच जात नव्हती असं समजावं. आलेखातही एक खोच असते: सेलच्या आठ-दहा दिवस आधी भाव अचानक वर चढलेला दिसला, तर सूट त्या चढावरची आहे.

युरोपीय संघात मे २०२२पासून सूट जाहीर करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सगळ्यात कमी किंमत सांगावी लागते. आपल्याकडे असा नियम नाही. २०२२च्या जाहिरातविषयक मार्गदर्शिकेत आमिष दाखवणाऱ्या जाहिराती आल्या, २०२३च्या नोव्हेंबरातल्या मार्गदर्शिकेत खोटी घाई आणि शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत आली. पण ‘आधीची किंमत’ कशाला म्हणायचं हे ठरलेलं नाही.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले आणि नेमका दिवाळीच्या तोंडावर नवा गोंधळ झाला. मोठ्या टीव्हीवरचा कर २८%वरून १८%वर आला. कर सोडून १०,०००ची वस्तू १२,८००ऐवजी ११,८००ला यायला हवी, म्हणजे ७.८% उतार सूट न देताही होतो. जुनी छापील किंमत खोडून ‘८% दिवाळी सूट’ लिहिलेली असेल, तर विक्रेत्याने स्वतःच्या खिशातून जवळपास काहीच सोडलेलं नाही. जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर लावायला मुभा मिळाली, पण मूळ आकडा दिसत राहिला पाहिजे. म्हणून खोक्यावर दोन्ही आकडे आणि उत्पादनाचा महिना पाहावा.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले किंवा सवलतीच्या किमतीवर कर चढवला, तर बिल हाच पुरावा. छापील किंमतच अवाच्या सवा आहे एवढ्याच मुद्द्यावर मात्र तक्रार टिकणं अवघड.