पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीची अदलाबदल

परिकल्पना चाचणीत शून्य परिकल्पना (H₀) खरी असूनही ती नाकारली गेली, तर ती पहिल्या प्रकारची चूक. H₀ खोटी असूनही ती नाकारली गेली नाही, तर ती दुसऱ्या प्रकारची. पहिलीच्या संभाव्यतेला अल्फा आणि दुसरीच्या संभाव्यतेला बीटा म्हणतात. ही विभागणी जेर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी 1928 ते 1933 या काळातील लेखांतून मांडली. व्याख्या दोन ओळींची असल्याने पाठ होतेच. तरीही बहुपर्यायी प्रश्नात उत्तर चुकते, कारण पर्याय H₀ च्या भाषेत नसतात. ते बियाणे, औषध किंवा यंत्र यांच्या भाषेत असतात आणि उलथापालथ होते ती या भाषांतरात.

खानदेशात पूर्वहंगामी कापसाची लागवड ठिबकवर मे महिन्यातच सुरू होते. बी उगवले नाही तर दुबार लागवडीचा खर्च अंगावर येतो. म्हणून जळगाव-धुळे भागातल्या विद्यार्थ्याला पुढील प्रश्न अनोळखी वाटणार नाही.

कापसाच्या बियाण्याच्या एका लॉटच्या पाकिटावर किमान 75 टक्के उगवण छापली आहे. लॉट तपासण्यासाठी H₀: p ≥ 0.75 आणि H₁: p < 0.75 अशा परिकल्पना घेतल्या. 100 बिया ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवून 67 किंवा त्याहून कमी उगवल्या, तर लॉट नापास करायचा. पहिल्या प्रकारची चूक कोणती? (अ) चांगला लॉट नापास होणे. (ब) खराब लॉट पास होणे. (क) चांगला लॉट पास होणे. (ड) खराब लॉट नापास होणे.

बरोबर उत्तर (अ) आहे, पण हमखास निवडले जाते ते (ब). क आणि ड या चुकाच नाहीत, त्यामुळे खरी झुंज पहिल्या दोनांतच असते.

(ब) कडे ओढ लागण्याची कारणे दोन. पहिले कारण शेतकऱ्याचे मन. खराब बियाणे शिवारात जाणे ही मोठी चूक, आणि मोठी ती पहिली, असे डोके आपोआप जुळवते. पण ‘पहिला’ हा शब्द गंभीरतेचा क्रमांक नाही. कोणती चूक महाग पडते हे गणित ठरवत नाही, ते शेत ठरवते. दुसरे कारण जास्त फसवे आहे. पहिल्या प्रकारची चूक म्हणजे ‘खोटा पॉझिटिव्ह’ हे कुठेतरी वाचलेले असते. बोलताना आपण पास होण्याला पॉझिटिव्ह म्हणतो, म्हणून ‘खोटा पॉझिटिव्ह म्हणजे खोटा पास, म्हणजे खराब लॉट पास’ अशी साखळी तयार होते. चाचणीच्या परिभाषेत मात्र पॉझिटिव्ह म्हणजे H₀ नाकारण्याइतका पुरावा सापडणे. इथे तो पुरावा लॉट खराब असल्याचा आहे, म्हणून खोटा पॉझिटिव्ह म्हणजे दोष नसताना दोष दिसणे. लॉट नापास होणे हाच इथला पॉझिटिव्ह निकाल.

पडताळणीची सोपी वाट अशी: पर्यायाचे दोन तुकडे करावेत, एक सत्याचा आणि एक निर्णयाचा. आधी फक्त सत्याचा तुकडा पाहावा. (ब) मध्ये सत्य आहे ‘लॉट खराब’, म्हणजे p < 0.75, म्हणजे H₀ खोटी. H₀ खोटी असताना पहिल्या प्रकारची चूक होऊच शकत नाही, निर्णय कोणताही असो. इथेच (ब) बाद होतो, ‘नाकारली’ की ‘स्वीकारली’ या घोळात शिरायचीही गरज पडत नाही.

अदलाबदल फक्त नावापुरती राहत नाही, पुढच्या उपप्रश्नाचे आकडेही बिघडवते. समजा विचारले: लॉटची खरी उगवण 65 टक्के असेल, तर या चाचणीचे सामर्थ्य किती? पर्याय 0.96, 0.70, 0.30, 0.04.

आधी अल्फा काढू. उगवण नेमकी 75 टक्के असेल तर 100 पैकी सरासरी 75 बिया उगवतील आणि प्रमाण विचलन √(100 × 0.75 × 0.25) = 4.33 येईल. 67 आणि 68 यांच्या मधली सीमा 67.5 धरली, तर ती सरासरीपासून 7.5 खाली, म्हणजे सुमारे 1.73 प्रमाण विचलने दूर पडते. प्रसामान्य वितरणानुसार तिच्या खाली सुमारे 4 टक्के भाग उरतो. म्हणून अल्फा सुमारे 0.04.

आता बीटा. खरी उगवण 65 टक्के असेल तर सरासरी 65 आणि प्रमाण विचलन 4.77. 68 किंवा जास्त बिया उगवून हा खराब लॉट सुटण्याची संभाव्यता सुमारे 0.30 येते. सामर्थ्य म्हणजे 1 − बीटा, अर्थात 0.70. नावे उलटी धरणारा 0.04 लाच बीटा समजतो आणि 0.96 वर खूण करतो. 0.96 ही संख्याही अर्थपूर्ण आहे, पण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून: नेमक्या 75 टक्के उगवणीचा लॉट सुखरूप पास होण्याची ती संभाव्यता. प्रश्न काढणाऱ्याने ती मुद्दाम पर्यायांत ठेवलेली असते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. अल्फा आणि बीटा यांची बेरीज 0.34 आहे, 1 नाही. त्या एकमेकींच्या पूरक नाहीत, कारण एक 75 टक्क्यांच्या जगात मोजली आहे आणि दुसरी 65 टक्क्यांच्या. बियांची संख्या तीच ठेवून नापासाची सीमा 64 वर आणली तर अल्फा सुमारे 0.01 होतो, पण बीटा 0.54 च्या आसपास चढतो. दोन्ही एकदम खाली आणायच्या तर बिया वाढवाव्या लागतात. बीज परीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत उगवणीसाठी 100-100 च्या चार गटांत 400 बिया घेतात. 400 बियांवर सीमा 285 ठेवली तर अल्फा 0.05 च्या जवळच राहतो, आणि 65 टक्क्यांचा लॉट सुटण्याची संभाव्यता अर्ध्या टक्क्याहून खाली जाते.

(ब) हे उत्तर कायमचे चुकीचे आहे असे मात्र नाही. विद्यापीठाच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नात H₀: p ≤ 0.75 आणि H₁: p > 0.75 असे दिले, म्हणजे लॉटनेच आपली लायकी सिद्ध करायची असे ठरवले, तर खराब लॉट पास होणे हीच पहिल्या प्रकारची चूक होते आणि (ब) बरोबर ठरतो. शेतात घडणारे नुकसान तेच, नाव तेवढे बदलले. गेल्या वर्षीच्या उत्तरतालिकेत ‘खराब माल पास’ म्हणजे पहिली चूक असे पाहून ते पाठ करणारा इथेच आपटतो. गुणवत्ता नियंत्रणात यासाठी वेगळे शब्द आहेत: चांगला लॉट नापास होण्याची ती उत्पादकाची जोखीम, खराब लॉट पास होण्याची ती ग्राहकाची जोखीम. हे शब्द मालाला चिकटलेले असतात, H₀ ला नाही, म्हणून ते उलटत नाहीत. पण ‘उत्पादकाची जोखीम म्हणजे अल्फा’ हे समीकरण H₀ ‘माल चांगला आहे’ अशी असेल तेव्हाच चालते.

प्रश्नात H₀ लिहिलीच नसेल तर ती दाव्यातून काढावी लागते. बरोबरीचे चिन्ह ज्या विधानात बसते ते H₀ मध्ये जाते. ‘किमान 75 टक्के’ यात 75 धरलेले आहेत, म्हणून ते H₀, आणि उत्तर (अ). ‘75 टक्क्यांहून जास्त’ असा दावा असेल तर 75 त्यात बसत नाहीत, दावा H₁ मध्ये जातो आणि उत्तर (ब) कडे सरकते. ‘किमान’ आणि ‘हून जास्त’ यांतला हा फरक घाईत वाचताना सहज निसटतो.