चिठ्ठीवरचं बीडी कळतं, पण एसओएस?

मी नागपुरात मेडिकलच्या काउंटरवर उभा राहणारा फार्मासिस्ट. मागच्या उन्हाळ्यात दुपारी दीडच्या सुमारास, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं अशा उन्हात एक काकू डोक्याला दुपट्टा बांधून आल्या, चिठ्ठी समोर ठेवली आणि औषधं मागायच्या आधी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, यांच्या गोळीपुढे एसओएस काऊन लिहिलं? सिरियस तं नाही ना काही?"

घाबरणं साहजिकच होतं, कारण एसओएस म्हटलं की बुडत्या जहाजाचा संदेश आठवतो. पण चिठ्ठीवरच्या एसओएसचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते लॅटिनमधलं सी ओपुस सिट, म्हणजे 'गरज असेल तर'. याच कुळातलं दुसरं पीआरएन, प्रो रे नाटा, म्हणजे प्रसंग उभा राहील तसं. काटेकोर पाहिलं तर एसओएस म्हणजे गरज पडली तर एकदाच आणि पीआरएन म्हणजे गरज पडेल तेव्हा पुन्हा पुन्हा, पण आपल्याकडे पीआरएन फारसं कोणी लिहीत नाही, दोन्हीच्या जागी एसओएसच चालतं. म्हणजे एक गोळी की अनेक हे त्या तीन अक्षरांवरून कळतच नाही, आणि खरी गडबड इथूनच सुरू होते.

काकूंच्या चिठ्ठीवर चार औषधं होती. काकांना घशाचं इन्फेक्शन, ताप आणि सर्दी. पहिलं अँटिबायोटिक, ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट ६२५, पुढे बीडी, पीसी, ५ दिवस. बीडी काय आणि बीआयडी काय, एकच: बिस इन डाय, दिवसातून दोनदा. (हे शब्द वाटतात तेवढे परके नाहीत, बिस हा संस्कृतातल्या द्विस्‌चा भाऊबंद आणि डाय आपल्या दिवसाचा.) पीसी म्हणजे पोस्ट सिबुम, जेवणानंतर. एवढ्यावरून माझा हिशोब लगेच होतो, २ गुणिले ५, दहा गोळ्या, एकही कमी नाही आणि जास्त नाही. पाकिटावर मी १-०-१ लिहितो, सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

इथे एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. दोनदा म्हणजे कधीही दोनदा नाही. काही लोक सकाळी ९ ला नाश्त्यानंतर एक घेतात, दुपारी २ ला जेवणानंतर दुसरी घेऊन मोकळे होतात, दिवसाचा कोटा संपला. पण हे औषध रक्तातून लवकर उतरतं, साधारण तासाभरात निम्मं होतं, आणि जंतूंवर त्याचा असर ते किती वेळ पुरेशा प्रमाणात टिकून राहतं यावर असतो. ९ आणि २ ला घेतलं तर पुढचे १९ तास जंतूंना मोकळं रान. म्हणून बीडीचा अर्थ मी 'साधारण १२ तासांनी' असाच सांगतो.

दुसरं पँटोप्राझोल, ओडी, एसी. ओडी म्हणजे रोज एकदा आणि एसी म्हणजे आन्टे सिबुम, जेवणाआधी. हीच ओडी अक्षरं डोळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'उजवा डोळा' पण होऊ शकतात, म्हणून थेंबांच्या बाटलीसमोर ओडी दिसलं की मी विचारल्याशिवाय देत नाही. असो.

तिसरी सर्दीची कॉम्बिनेशन गोळी, टीडीएस, म्हणजे दिवसातून तीनदा, ३ दिवस. नऊ गोळ्या. आणि चौथी पॅरासिटामॉल ६५०, एसओएस. पुढे काहीच नाही, दिवस नाही, आकडा नाही.

बीडी आणि टीडीएस मला वेळापत्रक देतात, एसओएस मात्र सगळा निर्णय पेशंटच्या हातात देतं. १-०-१ सारखी आकड्यांची भाषा पण इथे चालत नाही, कारण 'गरज' कुठल्या रकान्यात मांडणार? म्हणून एसओएस किंवा पीआरएन दिसलं की मला तीन गोष्टी हव्या असतात: कशासाठी घ्यायची, दोन गोळ्यांत कमीत कमी किती तास ठेवायचे आणि २४ तासात जास्तीत जास्त किती. या तीन गोष्टी नसतील तर ती ओळ माझ्या दृष्टीने अर्धवट आहे.

काकूंना विचारलं, आता ताप आला तर किती वेळा द्याल? म्हणाल्या, चढला की देईन, कालपासून दर पाच-सहा तासांनी चढूनच राहिला. म्हणजे चार गोळ्या तर सहज. मी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून मागचा बारीक मजकूर त्यांना दाखवला. त्यात सर्दीच्या औषधांसोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम होतंच. तीन वेळा म्हणजे १५००. त्यात ६५० च्या चार, २६००. झाले ४१००. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा ४००० मिलिग्रॅम, आणि काकांचं वजन विचारलं तर ४८ किलो, वर दोन दिवसांपासून जेवण जवळपास बंद.

जेवण बंद असल्याचा इथे संबंध असा, की पॅरासिटामॉलचा थोडासा भाग लिव्हरमध्ये विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्याला लगेच निकामी करतो. उपाशी, बारीक किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसात हा साठा कमी असतो, त्यामुळे मर्यादा खाली येते. एका दिवशी ४१०० झाले म्हणून माणूस लगेच आजारी पडेल असं नाही, पण असं तीन-चार दिवस चाललं तर धोका खरा आहे, आणि सुरुवातीला कळत पण नाही, नुसती मळमळ आणि भूक नसणं, जे तापात तसंही असतंच. उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं नंतर येतं. ती चिन्हं दिसली किंवा डोस जास्त गेल्याची शंका जरी आली तरी थांबून बघायचं नाही, सरळ हॉस्पिटल, कारण त्यावरचं औषध जितकं लवकर मिळेल तितकं जास्त काम करतं.

मी स्वतःहून चिठ्ठी बदलू शकत नाही, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच सर्दीची गोळी बंद करून लिव्होसिट्रिझिन दिली, एचएस, होरा सोम्नी, म्हणजे झोपायच्या वेळी एक. आणि एसओएसच्या जागी मी पाकिटावर त्यांनी सांगितलेलं लिहिलं: 'ताप १०० च्या वर गेला तरच एक. पुढची ६ तासांनंतर. २४ तासात ३ पेक्षा जास्त नाही. ३ दिवसात ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे.' बाजूला रिकामी जागा ठेवली, गोळी दिली की वेळ लिहायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला काकूंचा फोन आला. "भाऊ, ताप १०१ आहे, दुपारची दोनला दिली म्हणून लिहिलं आहे मी. आता देऊ का?" म्हटलं काकू, आठ वाजेपर्यंत थांबा, तोवर साध्या पाण्यानं अंग पुसा, पाणी पाजत रहा, आणि आठला ताप असेल तरच द्या. सव्वाआठला त्यांनी परत फोन करून सांगितलं, ९९ वर आला, नाही दिली.